चार ओळींतली भूलतज्ज्ञ

वाचनगटाला प्रत्येकाचा चार ओळींचा परिचय हवा होता. माझ्या भूलतज्ज्ञ मैत्रिणीने आपला लिहून माझ्याकडे धाडला, "जरा बघ गं" म्हणून. एम.डी., प्रदीर्घ अनुभव, हृदयशस्त्रक्रियांतलं प्रावीण्य, कामावर नितांत प्रेम. सगळं खरं, पण वाचून ती कुणाला भेटावीशी वाटली नसती. मग तिने दुसऱ्या टोकाला उडी मारली: "रोज मृत्यूशी दोन हात करते." हे तिनेच लाजून खोडलं.

तिसऱ्या खेपेला विनोद आला. "लोकांना झोपवते, स्वतः मात्र जागी!" हा विनोद त्या व्यवसायातल्या निम्म्या लोकांनी कधी ना कधी केलेला असणार. शिवाय तो कामाबद्दल चुकीचंच सांगतो. शिरेतून औषध गेलं की माणूस साधारण मिनिटाभरात झोपतो. झोपवणं हा सगळ्यात छोटा भाग. पुढचे तीन-चार तास काय करतेस, असं मी विचारलं.

"ऐकते," ती म्हणाली.

पेशंटच्या बोटाला लावलेलं यंत्र नाडीच्या प्रत्येक ठोक्याला बीप देतं. रक्तातला ऑक्सिजन घटू लागला की त्या बीपचा सूर खाली उतरतो. त्यामुळे पाठ वळवून औषध भरतानाही तिला पडदा बघावा लागत नाही. सर्जन गप्पा मारत असतो, ती हो-हो करत असते, आणि कान तिकडे. सूर जरा उतरला की वाक्य अर्धवट टाकून ती वळते. बऱ्याचदा बोटावरची क्लिप सरकलेली असते किंवा हात गार पडलेला असतो. पण ते बघितल्यावर कळतं, आधी नाही.

हे ऐकल्यावर परिचय लिहायला वेळ लागला नाही: "मी भूलतज्ज्ञ. ऑपरेशनभर एक बीप ऐकत असते. तिचा सूर उतरला की बोलणं अर्धवट सोडून वळते. ही सवय घरीही जात नाही, त्याबद्दल आधीच माफी. सध्या जाडजूड कादंबऱ्यांच्या शोधात."

जबाबदारी किती मोठी, हे यात कुठेच म्हटलेलं नाही. वाचणारा ते स्वतःच ताडतो. विशेषणं असती तर त्याला आमच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागला असता. तिला एका अवघड केसचा किस्साही घालायचा होता. तो मी घालू दिला नाही. दुर्मीळ आजार आणि अंदाजे महिना एवढ्यावरूनही पेशंट ओळखू येतो, नाव गाळलं तरी.

"आणि माझी एम.डी.?" तिने कुरकुर केली. ती रुग्णालयाच्या पानावर पहिल्या ओळीत हवी, नोंदणी क्रमांकासकट. तिथे वाचणाऱ्याला तेच आधी बघायचं असतं. वाचनगटात कुणी तिच्याकडून भूल घेणार नव्हतं. तरी तिने जाता जाता नावापुढे "डॉ." चिकटवलंच, आणि मीही ते राहू दिलं.