आबांचं शुद्धिपत्र

सोमवार, रात्री १०.२०

सकाळी साडेसहाला आबा माझ्या पलंगाशी उभे. अंघोळ झालेली, कपाळाला गंध, हातात मोबाइल उलटा धरलेला. म्हणाले, "उठलीस का गं? ते परवाचं काढून टाक."

"काय काढू?"

"ते. नानावर लिहिलेलं."

परवा म्हणजे शनिवारी रात्री पावणेबाराला आबांनी फेसबुकवर नानाआजोबांवर एक पोस्ट लिहिली. विषय वाचनालयाचा. नाना तिथले खजिनदार. वाचनालयातले जुने दिवाळी अंक रद्दीत गेल्याचं आबांना शनिवारी संध्याकाळी कट्ट्यावर कुणीतरी सांगितलं. जेवताना ते गप्प होते, आम्ही झोपल्यावर बसून लिहिलं. शेवटची ओळ अशी, की ज्यांच्या हाती किल्ल्या दिल्या त्यांनीच गावाचं अक्षरधन विकून खाल्लं. पन्नास वर्षांच्या मित्राबद्दल.

काल दुपारी कपाटात विजेचं बिल शोधताना आबांना वाचनालयाच्या सभेचा कागद सापडला. वाळवी लागलेल्या अंकांचं निर्लेखन करण्याचा ठराव, आणि खाली अनुमोदक म्हणून आबांचीच सही. गेल्या पावसाळ्यातली सभा. आबा त्या दिवशी चहापुरते गेले होते म्हणे. कालची संध्याकाळ त्यांनी पायरीवर बसून काढली. आम्हाला वाटलं पित्त झालंय.

मी पोस्ट उघडली. एकेचाळीस कॉमेंट, सहा शेअर. वेळेच्या शेजारी पृथ्वीचं चिन्ह, म्हणजे जगात कुणीही वाचावी अशी. आबांना वाटत होतं की फक्त ओळखीच्यांनाच दिसते.

मी म्हटलं, काढण्यापेक्षा ती ओळ तेवढी बदलू. आबांना आधी पटलं. मग मी सांगितलं की बदललं तरी 'एडिट हिस्टरी' राहते, ज्याला पोस्ट दिसते त्याला आधीचा मजकूरही उघडून बघता येतो. "म्हणजे छापलेल्यावर चिकटपट्टी," आबा म्हणाले. "लोक आधी ती पट्टीच सोलतात."

आबांची अडतीस वर्षं साताऱ्याच्या एका छापखान्यात गेली. सुरुवात खिळे जुळवण्यापासून, ऑफसेट आल्यावर मुद्रितशोधनावर. अजून वर्तमानपत्र वाचताना हातात पेन असतं. एखादं अक्षर काढायचं तर समासात शेपटीवाली एक खूण करतात, तिला ते पहिल्यापासून 'डिलीट'च म्हणतात. त्यामुळे हा शब्द आमच्या घरात मोबाइलच्या कितीतरी आधी आला. पण प्रुफावर डिलीट करायचं ते छापण्याआधी. फॉर्म छापून, बांधणी होऊन अंक पोस्टात पडला की उरतं ते शुद्धिपत्र.

वरचे तीन ठिपके दाबले, यादीत खाली 'ट्रॅशमध्ये टाका'. तिथे पोस्ट तीस दिवस पडून राहते आणि मग आपोआप जाते. आबा म्हणाले, "रद्दीत टाकली, पण रद्दीवाला महिन्यानं येणार." मी बटण दाबणार तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं.

"खालचं लोकांनी लिहिलेलं?"

"तेही दिसायचं बंद होईल."

मग कॉमेंट वाचत बसले. मला वाटलं आता घेरी येणार. बहुतेक लोक आबांच्याच बाजूचे होते, आणि तेच वाईट होतं. नानांना 'चोर' म्हणणारे चौघे, त्यातले दोघे वाचनालयाचे सभासदसुद्धा नाहीत. एकानं नानांच्या मुलाच्या नव्या गाडीचा विषय काढला होता. आबांनी ते लिहिलं नव्हतं, पण जागा त्यांनीच करून दिली होती. आणि सगळ्यांत खाली, रविवारी पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी, नाना स्वतः: "बापू, फोन उचल."

आबांनी तिजोरीवरची वही आणली, चष्मा बदलला आणि ते तीन शब्द तारीख-वेळेसकट उतरवून घेतले. स्क्रीनशॉट काढते म्हटलं तर नको म्हणाले. मग म्हणाले, "हं, दाब."

पोस्ट गेली. ज्यांनी शेअरचं बटण दाबून ती पुढे नेली होती, त्यांच्या भिंतीवर आता 'हा मजकूर उपलब्ध नाही' अशी रिकामी चौकट दिसते, ती मी आबांना दाखवली. पण तेवढ्यानं भागणार नव्हतं. पोस्टचा मजकूर जसाच्या तसा उचलून कुणीतरी रविवारी सकाळी वाचनालयाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला होता. तो मेसेज आबांचा नाही, टाकणाऱ्याचा. तो त्यानं काढायचा, नाहीतर ग्रुपच्या अॅडमिननं, आणि तेही दोन दिवसांहून थोड्या जास्त वेळाच्या आत. त्यानंतर 'सगळ्यांसाठी डिलीट' मिळत नाही. आज सोमवार सकाळ, म्हणजे वेळ होता.

टाकणारे एक निवृत्त गुरुजी. आबांनी स्वतः फोन लावला. पलीकडून बराच वेळ समजूत चालली, की तुम्ही कशाला माघार घेता, बरोबरच लिहिलंय. आबा दोनदा म्हणाले, "चूक माझी आहे." तिसऱ्यांदा आवाज चढला. पुन्हा चिडले तर आजचा दिवसही गेला, म्हणून मी खुणेनं थांबवलं. पाच मिनिटांत ग्रुपवर मेसेजच्या जागी 'डिलीट केला' अशी पट्टी आली. तिथून आणखी कुठे गेला असेल तर तो काही परत येणार नाही, हेही आबांना सांगावं लागलं. ते नुसते "हं" म्हणाले.

मला वाटलं संपलं. कॉलेजला उशीर होत होता. तर आबा म्हणाले, "आता शुद्धिपत्र."

त्यांनी कागदावर चक्क दोन रकाने आखले होते, अशुद्ध आणि शुद्ध. अशुद्धच्या खाली ती संपूर्ण ओळ. मी म्हटलं, आबा, ज्यांनी वाचली नाही तेही आता वाचतील. ते पेनाचं टोपण दातांत धरून बसले. पुस्तकात अशुद्ध छापायलाच लागतं, नाहीतर वाचणाऱ्याला सापडणार कसं, हे त्यांचं म्हणणं. पण त्या पुस्तकाच्या प्रती आता कुणाच्या हातात नव्हत्या. शेवटी डावा रकाना त्यांनी खोडला. उजवा असा राहिला: "शनिवारी मी वाचनालयाच्या खजिनदारांवर केलेला आरोप खोटा होता. अंक वाळवीमुळे रद्द करण्याच्या ठरावाला माझं स्वतःचं अनुमोदन होतं, ते मी विसरलो. त्यांची माफी मागतो." फेसबुकवर आणि ग्रुपवर, दोन्हीकडे. ठरावाचा फोटोही जोडायला लावला. सही नीट दिसते ना, ते बोटांनी मोठं करून दोनदा बघितलं.

संध्याकाळपर्यंत फेसबुकवर नऊ लाइक आणि दोन कॉमेंट. चिडलेल्या पोस्टला एकेचाळीस होत्या. हे मी आबांना बोलले नाही, त्यांनी मोजलं असणारच.

नानांना फोन करायला मात्र आठ वाजले. त्याआधी दोनदा चप्पल घालून झाली आणि काढून झाली. आजीनं शेवटी फोन हातात दिला. स्पीकर बंद करायला ते विसरले, म्हणून आम्हाला सगळं ऐकू आलं.

"नाना, बोल काय बोलायचंय ते."

पलीकडे टीव्हीचा आवाज. मग नाना म्हणाले, "शेवटच्या ओळीत विकूनचा कू ऱ्हस्व काढलास."

"शक्य नाही."

"काढलास. मी चारदा वाचली."

"आता डिलीट झाली ती. कशावरून?"

मी गुपचूप ट्रॅश उघडली. ऱ्हस्वच होता.