सा कुठे गेला?

"ताई, सा कुठे गेला?"

भायखळ्याच्या आमच्या चर्चमध्ये, नाताळच्या तीन आठवडे आधी, तालमीत हा प्रश्न तबल्यावरच्या पोराने विचारला आणि हात आखडून बसला. पेटीवाले काका भात्यावरचा हात न काढता माझ्याकडे बघत होते. अर्धे गाणारे वर गेले होते, अर्धे खालीच राहिले होते. दोन्ही मिळून जो आवाज निघत होता, तो पावसाळ्यात फुगलेला दरवाजा उघडताना येतो तसा.

शिकागोत नऊ वर्षं झाली. त्यातली सहा तिथल्या कृष्णवर्णीयांच्या एका चर्चमध्ये आल्टो गाते. यंदा सहा आठवड्यांची रजा घेऊन घरी आले, तर क्वायरच्या मावशींनी विमानतळावरच फोन केला, "तू तिकडचं ते गॉस्पेल गातेस ना, मग एक मराठीत बसव." मी हो म्हटलं. सोपं वाटलं होतं.

सोपं वाटायला कारण होतं. एकाने म्हणायचं आणि सगळ्यांनी उत्तर द्यायचं, यात आपल्याला शिकवण्यासारखं काय आहे? गोंधळात, पोवाड्यात झीलकरी असतात, भजनात बुवांची ओळ टाळकरी उचलतात. ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती भक्तीला ओवी-अभंगाची चाल दिली त्याला शंभराहून जास्त वर्षं झाली. शिकागोत कोणी मला सवाल-जवाबाची पद्धत समजावून सांगू लागलं की मी मनातल्या मनात झीलकऱ्यांची आठवण काढून गप्प बसते. त्यांच्याकडे ती आफ्रिकेतून गुलामगिरीच्या शेतांवरून आली, आपल्याकडे गोंधळ्याच्या संबळाबरोबर. पण ते गाणं ज्या दुःखातून आलं ते माझं नाही, आणि मी ते उचलून भायखळ्याला नेतेय, हे डोक्यातून जात नव्हतं. शेवटी मी स्वतःची समजूत काढली की मी चाल नेत नाही, रीत नेतेय. समजूत किती खरी, देव जाणे.

पहिला अडथळा मात्र आला भाषेतून. इंग्रजीत क्रियापद आधी येतं, त्यामुळे म्हणणाऱ्याच्या ओळीचा अर्थ अर्ध्यातच लागतो आणि क्वायर तिच्यावर चढून उत्तर देऊ शकतं. मराठीत अर्थ शेवटच्या शब्दाला लागतो. ओळ पूर्ण होईपर्यंत क्वायरने तोंड उघडायचं नाही, म्हणजे मधे भोक पडतं. दोन दिवस मी ते भोक बुजवत होते. मग सुचलं की क्रियापद म्हणणाऱ्याकडून काढूनच घ्यावं. त्याने वाक्य अर्धवट टाकायचं, क्वायरने पुरं करायचं:

पुरात नाव माझी... तूच धरली!
काळोखात पणती माझी... तूच धरली!
गर्दीत करंगळी माझी... तूच धरली!

पहिल्या मसुद्यात तिसऱ्या ओळीत 'हात माझा' होता. म्हणजे 'तूच धरला'. क्वायरचं उत्तर प्रत्येक वेळी तेच असेल तरच ते पहिल्या ऐकण्यात लोकांच्या तोंडी बसतं आणि बाकावर बसलेलेही गाऊ लागतात. इथे निम्मे 'धरली', निम्मे 'धरला'. मग सगळ्या ओळींत स्त्रीलिंगीच वस्तू आणल्या. नाव, पणती, करंगळी, वाट. हाताची करंगळी झाली आणि ओळ सुधारलीच, दादर स्टेशनवर आईचं बोट धरून चढलेल्या प्रत्येकाला ती कळते.

क्वायरमधल्या निवृत्त मराठी शिक्षिका मावशींना मात्र झोप लागेना. "अगं, तू धरलीस. 'स' कुठे गेला?" व्याकरणाने त्या शंभर टक्के बरोबर. पण तीस जणांनी लांबवलेल्या शब्दाच्या शेवटी 'स' आला तर तो तीस वेगवेगळ्या क्षणी सुटतो आणि फुस्स असा आवाज येतो. 'ली' उघडा राहतो, हवा तितका ताणता येतो. मी जुन्या कवितेत असा 'स' गळतो वगैरे सांगितलं. त्या म्हणाल्या, "गळतो, गाळत नाहीत."

आता तो सा.

गॉस्पेलमध्ये शेवटच्या धृपदाला अख्खं गाणं एक पट्टी वर चढवतात. क्वायर डायरेक्टर अंगठा वर करतो, बस. कागद नसतो. तिथे आवाज बहुतेक तीनच, सोप्रानो, आल्टो, टेनर, आणि तिघांना तो ओळ कानातूनच शिकवतो. शिकागोत १९३०च्या दशकात थॉमस डॉर्सीने, जो आधी ब्लूजचा पियानोवाला होता, ही गॉस्पेल क्वायरची रीत चर्चमध्ये रुजवली. मी पहिल्यांदा तो अंगठा पाहिला तेव्हा पायाखालची फरशी वर आल्यासारखं झालं होतं. तेच मला भायखळ्यात घडवायचं होतं.

पेटीवाल्या काकांचं म्हणणं, सा हलवायचा नसतो. मी म्हटलं, आपल्यात षड्जचालन आहे की. ते म्हणाले, "तिथे स्वर तेच राहतात, आपण दुसऱ्याला सा मानतो. तू तर सगळ्या घराचंच वजन उचलून पुढच्या प्लॉटवर ठेवतेयस." बरोबर होतं त्यांचं. मला राग आला तो त्यामुळेच.

पट्टी मी उलटीकडून ठरवली होती. शेवटचं धृपद कुठवर जाईल ते आधी, सुरुवात नंतर. आमच्या बायकांना वरची काळी एक मोकळ्या गळ्याने लागते, पांढरी दोनला किंचाळणं सुरू होतं. धृपदातला सगळ्यात उंच स्वर पंचम. तेव्हा शेवटचा सा काळी तीन, म्हणजे पंचम काळी एकवर. सुरुवात त्याच्या अर्धा स्वर खाली, पांढरी चारला. मुंबईतली बरीच गाणी उलटी बसवतात, सुरुवातीला छान वाटेल अशी पट्टी धरतात आणि शेवटी चढायला जागा उरत नाही.

तबल्याचा घोटाळा असा. पांढरी चारच्या सा साठी पोराने तबला पंचमात लावला होता, पांढरी एकला. सा काळी तीनवर गेला की तीच पांढरी एक नव्या सा चा तीव्र मध्यम होते. नव्या पट्टीतला सगळ्यात परका स्वर, आणि तो दर ठोक्याला वाजणार. तो थांबला ते योग्यच होतं. मी पूर्ण स्वराने चढायचा विचार केला, पांढरी पाचला. तिथे तबल्याची पांढरी एक शुद्ध मध्यम ठरते, तबला वाचतो. पण पंचम जातो पांढरी दोनवर, म्हणजे मावशी किंचाळणार. शिवाय अर्ध्या स्वराच्या चढणीत एक गंमत असते ती जाते: जुना सा नव्या सा च्या लगेच खालचा शुद्ध नी होतो, आणि नी ला वर जायची ओढ असतेच.

ती ओढ कशी वापरायची, हीच खरी मेख. तरुण मुलं म्हणाली, कीबोर्डवर ट्रान्सपोजचं बटण दाबूया. शिकागोतही दाबतात, खोटं कशाला सांगू. पण नुसतं बटण दाबलं की कानाला पूर्वसूचना मिळत नाही, आणि नवखं क्वायर तिथेच फुटतं. काकांनी स्केल चेंजर पेटीची पट्टी सरकवून पाहिली, तर सरकवताना बोटं उचलावी लागली, सूर तुटला, आणि त्या क्षणात आल्टो हरवल्या. आल्टो नेहमी आधी हरवतात, मी आल्टो आहे, मला माहीत आहे. त्यांच्याकडे चाल नसते, मधला स्वर असतो, तो कोणाला धरून हलवायचा ते कळत नाही.

म्हणून सांध्यावर आवाज तीन ठेवलेच नाहीत. शेवटून दुसऱ्या धृपदाच्या अखेरीला सगळ्यांनी एकाच स्वरावर यायचं, सा वर, पुरुष सप्तकभर खाली. 'ली' चार आवर्तनं धरायचा, श्वास आलटूनपालटून. पहिली दोन आवर्तनं पेटी जुन्याच स्वरांवर. तिसऱ्याला काकांनी चार पट्ट्या एकदम दाबायच्या: काळी एक, पांढरी चार, काळी चार, पांढरी सात. त्यातली पांढरी चार म्हणजे गाणारे धरून बसलेत तोच सा. कोणी काही हललेलं नसतं, पण खालची जमीन बदलते आणि तोच स्वर एकदम अस्वस्थ वाटायला लागतो. मग अंगठा वर, आणि 'तूच' सगळ्यांनी एका स्वरात, काळी तीनवर. तीन आवाज फुटायचे ते 'धरली'ला, सा सापडल्यावर.

ती चार आवर्तनं तबला बंद, फक्त टाळ्या. तेवढ्या बारा सेकंदांत पोरगा काळी एकला लावून ठेवलेल्या दुसऱ्या तबल्यापुढे सरकतो. एकाच तबल्याचे गठ्ठे ठोकून तो चढवायला इतका वेळ पुरला नसता. टाळ्यांवरून अजून एक भांडण झालं. तिकडे दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला वाजवतात, आपले हात समेवर पडतात. मी दोन तालमी हट्ट केला. मग सोडून दिला. शिकागोत पहिलं वर्ष मीही समेवरच वाजवत होते आणि शेजारची बाई हसून माझा हात धरून थांबवायची. इथे तीस हात कोण धरणार?

पाचव्या तालमीत पहिल्यांदा सांधा जुळला. कळलं कसं, तर कोणीच काही म्हटलं नाही, आणि काकांनी मान न हलवता डोळे मिटले.

नाताळच्या आदल्या रविवारी गायलो. 'ली' धरला, जमीन हलली, अंगठा वर गेला, सगळे वर गेले. मागच्या बाकांवरचे लोक उभे राहून 'तूच धरली' म्हणत होते, ते म्हणत होते जुन्याच पट्टीत, पण आमचा आवाज मोठा होता. मी फोनवर रेकॉर्ड केलेलं शिकागोच्या डायरेक्टरला पाठवलं. त्याने दोनदा ऐकलं, सांध्याचं कौतुक केलं, आणि विचारलं की अगदी शेवटी, सगळे थांबल्यावर, कुकरची शिट्टी कुठून आली.

मावशींनी शेवटच्या ओळीला 'धरलीस' म्हटलं होतं.