वरणात मीठ नको: मावशींचा कागद आणि दीदींचा कागद

माझे सासरे ७८ वर्षांचे आहेत. हृदयाचं दुखणं आहे, मीठ जास्त झालं की घोट्यांवर सूज येते. डॉक्टरांनी दिवसभराच्या जेवणात मिळून अर्धा लहान चमचा मीठ, त्यावर नाही, असं सांगितलंय. मी आणि नवरा दोघंही ठाण्याहून मुंबईला नोकरीला जातो. सकाळी ९ ते संध्याकाळी ५ घरात बाबा आणि मावशी. मावशी सोलापूरकडच्या, सातवीपर्यंत शिकलेल्या. सूचना तोंडी सांगितल्या की माझ्याकडून एखादी राहायची, म्हणून मी सगळं लिहून फ्रिजवर लावायचं ठरवलं.

पहिला कागद मी ऑफिसात जशी पत्रं लिहिते तसा लिहिला. त्यातलं एक वाक्य असं होतं : ‘दुपारच्या जेवणाकरिता वरण तयार करताना भिजवलेल्या डाळीचे पाणी टाकावे व मीठ टाकण्यापूर्वी बाबांचा भाग आवश्यकतेनुसार बाजूला काढावा.’

मावशींनी ते ओळीवर बोट ठेवून, हळूहळू वाचलं. मग विचारलं, “पाणी टाकायचं म्हंजे वरणात का मोरीत?”

त्यांचं बरोबर होतं. आपण मीठही टाकतो आणि कचराही टाकतो. बोलताना हातवाऱ्यांवरून कळतं, कागदावर हात दिसत नाही. माझ्या एकाच वाक्यात ‘टाकणे’ दोनदा आलं होतं, एकदा बाहेर आणि एकदा आत. त्या दिवशी मी ठरवलं की कागदावर ‘टाकणे’ लिहायचंच नाही. आत जायचं असेल तर ‘घाला’, बाहेर जायचं असेल तर ‘फेकून द्या’.

मग ‘लावणे’ दिसायला लागलं. कुकर लावा, दही लावा, मशीन लावा, दार लावा. मावशींना यातलं काही अडलं नसतं, पण एकदा शब्दांकडे लक्ष गेल्यावर मी तेही मोडून लिहिलं : कुकर गॅसवर ठेवा, दार बंद करा. ‘आवश्यकतेनुसार’ आणि ‘शक्यतो’ काढले, कारण आवश्यकता किती हे मलाच माहीत होतं, त्यांना नाही. मापं ग्रॅममध्ये न देता घरातल्या भांड्यांवर बेतली. हळदीच्या डब्यात जो चमचा असतो तोच ‘लहान चमचा’, असं त्यांना दाखवून ठेवलं. बाबांचं दिवसाचं अर्धा चमचा मीठ मी रोज सकाळी एका निळ्या डबीत काढून ठेवू लागले. वरण पूर्ण बिनमिठाचं, भाजीत मात्र त्या डबीतलं निम्मं दुपारी, निम्मं रात्री.

कागद असा झाला :

सकाळी ११ वाजता.
तुरीची डाळ १ वाटी घ्या. धुवा. अर्धा तास भिजवा.
भिजवलेलं पाणी फेकून द्या.
नवीन पाणी ३ वाट्या घाला. हळद पाव लहान चमचा घाला.
कुकर गॅसवर ठेवा. ३ शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा.
वाफ गेली की वरण घोटा.
बाबांचं वरण पांढऱ्या भांड्यात काढा. बाबांच्या वरणात मीठ नको.
मग आपल्या वरणात मीठ घाला.

शेवटच्या दोन ओळींचा क्रम महत्त्वाचा. ‘मीठ घालण्याआधी बाजूला काढा’ असं लिहिलं तर वाचणारीला आधी मीठ दिसतं आणि मग काढणं. कामं ज्या क्रमाने हातांनी व्हायची त्याच क्रमाने ओळी आल्या की मागे-पुढे वाचावं लागत नाही. वर्षभर हा कागद चालला.

मग मावशी लेकीच्या बाळंतपणाला दोन महिने गावी गेल्या. त्यांच्या जागी आलेल्या दीदी उत्तर प्रदेशातल्या, जौनपूरच्या, आठवी झालेल्या. हिंदी नीट वाचतात, मराठी थोडी कळते. मी विचार केला, लिपी तीच आहे, निम्मे शब्द सारखे आहेत, अवघड वाटतील तेवढेच बदलू. ‘शिट्ट्या’च्या जागी ‘सीटी’ लिहिलं, ‘वाटी’च्या जागी ‘कटोरी’, ‘फेकून द्या’च्या जागी ‘फेंक दो’. मीठ, खाली असे सोपे शब्द तसेच ठेवले. दीदींनी वाचून मान डोलावली. मी विचारलं, “समझ गईं?” त्या म्हणाल्या, “हाँ.”

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा म्हणाले, “आजकाल वरण काय मस्त होतंय गं.” वर्षभर हा माणूस रोज अळणी वरणावरून कुरकुरत होता. मी तशीच उठून पांढऱ्या भांड्यात उरलेलं चमचाभर वरण चाखलं. व्यवस्थित मीठ होतं.

मी दीदींना विचारलं तेव्हा त्यांनी मला कागदाजवळ नेलं आणि ओळीवर बोट ठेवलं. “यहाँ लिखा है न, बाबूजी की दाल में मीठा नहीं. तो हमने गुड़ नहीं डाला.” महाराष्ट्रातले लोक डाळीत गूळ घालतात हे त्यांनी ऐकलं होतं. म्हातारे आहेत, साखरेचा त्रास असेल, म्हणून गोड नको, असा त्यांनी सरळ अर्थ लावला. हिंदीत मीठ म्हणजे नमक. ‘मीठ’ हा शब्द त्यांच्यासाठी काना राहून गेलेला ‘मीठा’ होता. माझी चूक त्यांनी मनातल्या मनात दुरुस्तसुद्धा करून घेतली होती. बाबांच्या घोट्यांवर मी बोट दाबून पाहिलं, खळगा थोडा वेळ राहिला. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी दोन दिवस वजनावर नजर ठेवायला सांगितलं. सूज उतरली.

त्या रात्री मी कागद घेऊन बसले आणि अवघड शब्द बाजूला ठेवून सोपे शब्द तपासले. जो शब्द दीदींना मुळीच माहीत नाही, उदाहरणार्थ ‘कोमट’, तिथे त्या थांबतात आणि विचारतात. जो ओळखीचा दिसतो पण आहे दुसराच, तिथे त्या थांबत नाहीत. असे शब्द माझ्या कागदात आणखी होते. ‘ताकाचं भांडं खाली ठेवा’ यातलं ‘खाली’ त्यांच्या हिंदीत रिकामं. आदल्या दिवशी ताक सांडून दिलेलं का होतं, ते मला तेव्हा कळलं. ‘पीठ’ म्हणजे पाठ. ‘पडवळ’ वाचून त्या परवल शोधणार, आणि ती भाजीच वेगळी. उलट ‘तूर’ त्यांच्या गावाकडे अरहर, म्हणून डब्यावरही मी ‘अरहर’ अशी चिठ्ठी चिकटवली.

मग मी मराठी कागदावरून हिंदी लिहायचं सोडलं आणि स्वयंपाकघरात उभं राहून, प्रत्येक काम हाताने करत, त्याचं हिंदी लिहिलं. ‘टाकणे’ आणि ‘लावणे’ आधीच मोडलेले असल्यामुळे इथे फार सोपं गेलं. घालायला डालो, फेकायला फेंक दो. दही लावायला जमाओ, मशीनला चलाओ. जिथे मराठीत मी आळस करून एकच शब्द ठेवला होता तिथेच हिंदीत अडले. हिंदीनेही आपले खड्डे दाखवले. ‘कल’ म्हणजे काल आणि उद्या दोन्ही, म्हणून कागदावर वार लिहिला. फ्रिजचा खण म्हणजे ‘खाना’ आणि जेवणही ‘खाना’, म्हणून ‘नीचे वाली शेल्फ’ लिहिलं. ‘गॅस’ची चंद्रकोर हिंदी वाचणाऱ्यांच्या सवयीची नसते, ‘गैस’ केलं.

ऑफिसात माझ्या शेजारी बसणारे सहकारी लखनौचे. मी त्यांना कागद दाखवला. त्यांनी चुका नंतर सांगितल्या, पहिल्यांदा विचारलं, “ये दीदी आपसे बड़ी हैं?” मी सगळीकडे ‘तुम करो’, ‘फेंक दो’ लिहिलं होतं. मला वाटत होतं की मावशींना ‘तुम्ही’ म्हणते तेच हे. मुंबईच्या हिंदीत ते खपतं, पण त्यांच्याकडे वयाने मोठ्या बाईला ‘तुम’ म्हणणं म्हणजे आपल्याकडे मावशींना ‘तू’ म्हणण्याच्या जवळ जातं. मला फार वाईट वाटलं. दीदी दहा दिवस तो कागद रोज वाचत होत्या आणि एक शब्द बोलल्या नव्हत्या.

नवा कागद असा :

दीदी, सुबह ग्यारह बजे.
अरहर की दाल एक कटोरी लीजिए. धोइए. आधा घंटा भिगोइए.
भिगोया हुआ पानी फेंक दीजिए.
नया पानी तीन कटोरी डालिए. हल्दी पाव छोटा चम्मच डालिए.
कुकर गैस पर रखिए. तीन सीटी के बाद गैस बंद कर दीजिए.
भाप निकल जाए तो दाल घोंट लीजिए.
बाबूजी की दाल सफ़ेद बर्तन में निकालिए. इसमें नमक बिल्कुल नहीं. गुड़ डाल सकती हैं.
अब बाक़ी दाल में नमक डालिए.

‘बाबा’चं ‘बाबूजी’ मुद्दाम केलं, कारण त्या त्यांना तीच हाक मारतात. गुळाची ओळ मराठी कागदात नव्हती. मावशींना तिची गरज नव्हती, पण दीदींचा गैरसमज जिथे झाला होता तिथे दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी लिहिल्याशिवाय मला चैन पडेना.

या वेळी “समझ गईं?” असं विचारलं नाही. कागद हातात दिला आणि म्हटलं, “दीदी, पढ़के बताइए, बाबूजी की दाल कैसे बनाएँगी.” त्यांनी न वाचता, आपल्या शब्दांत सांगितलं आणि सांगताना पांढरं भांडं उचलून दाखवलं. ‘पाव चम्मच’वर अडल्या, ते ‘चम्मच का चौथाई’ केलं.

गोळ्यांचं मात्र मी कुठल्याच भाषेत लिहून सोपवलं नाही. दर रविवारी सात दिवसांच्या डबीत त्या मीच भरते. कागदावर फक्त एवढंच आहे की आजच्या वाराचा कप्पा जेवण झाल्यावर उघडायचा, आणि कप्प्यांवर वार हिंदीत चिकटवले आहेत.

चार दिवसांनी बाबा पुन्हा वरणाला नावं ठेवायला लागले आणि माझा जीव भांड्यात पडला. पण पुढच्या आठवड्यात सूज थोडी दिसली. वरण चाखलं, अळणीच होतं. दीदींना विचारलं तर त्या म्हणाल्या, बाबूजी रोज लोणचं आणि पापड मागतात आणि त्या देतात, कागदावर तर काही लिहिलेलं नाही. खरंच लिहिलेलं नव्हतं. मावशी लोणच्याची बरणी स्वतःहून वर ठेवायच्या, म्हणून मराठी कागदावर ते लिहायचं मला कधी सुचलंच नव्हतं.

मी पेन घेतलं, तेवढ्यात दीदी म्हणाल्या, “लाइए, हम लिखते हैं.” कागदाच्या तळाशी आता त्यांच्या अक्षरात एक ओळ आहे : ‘बाबूजी को अचार, पापड़, नमकीन नहीं देना है, माँगें तब भी नहीं.’ मावशी परत आल्यावर मी तीच ओळ मराठीत करून त्यांच्या कागदावर लिहिली.