टेप घेऊनच शोरूमला जा

"आई-बाबांना खालच्या गाडीत बसायला-उठायला जमेना झालंय. दारही अरुंद पडतं. मग मोठी एसयूव्हीच घ्यायची काय?"

आधी घरातल्या खुर्च्यांना टेप लावा. आई कुणाचा हात न धरता ज्या खुर्चीतून उठते, तिची बैठक जमिनीपासून किती उंच आहे ते बघा. आमच्या घरी ती १८ इंच भरली. गाडीची सीट याहून चार-पाच इंच उंच असली तर उत्तम. गाडीत बसताना माणूस पाठमोरा होऊन सीटच्या कडेला टेकतो, पाय बाहेर जमिनीवरच असतात. सीट जरा उंच असली की गुडघा कमी वाकतो आणि उठताना मांड्यांना कमी जोर लावावा लागतो. सेडानची सीट फार खाली असली तर बसणं म्हणजे आत पडणंच, आणि उठायला दोघांनी ओढायचं. उलट २७-२८ इंचांची सीट असली तर पाच फुटाच्या आत असलेल्या आईचे पाय जमिनीला टेकतच नाहीत. ती बसत नाही, चढते. दुखऱ्या गुडघ्याला चढणं हे खाली बसण्याइतकंच वाईट.

माप घेताना टेप सीटच्या बाहेरच्या कडेला लावायची, आणि तीही माणूस बसलेला असताना. फोम इंच-दोन इंच दबतो, आणि नेमके तेच इंच आपल्याला हवे असतात.

आता दार. ते किती उघडतं याची जाहिरात सगळे करतात. पंच आणि अल्ट्रॉझची दारं ९० अंशात उघडतात हे खरंच आहे, पण अल्ट्रॉझची बैठक खाली आहे, म्हणजे दार रुंद असूनही आईची अडचण तशीच. शिवाय शहापूर-वडगावच्या गल्लीत, एका बाजूला गटार आणि दुसऱ्या बाजूला शेजाऱ्याची बुलेट, अशा जागी ९० अंश कोण उघडू देणार? शोरूमच्या फरशीवर बघून समाधान मानू नका. टेस्ट ड्राइव्हची गाडी आपल्या दारात आणायला सांगा. आणतात की, मागितलं तर.

माझ्या मते खरी अडचण दाराच्या वरच्या भागात नसते, खाली असते. मागचं दार उघडून पायापाशी बघा. मधला खांब आणि सीटची पुढची कड यांच्यामध्ये जी फट राहते, तिच्यातून पाऊल आत न्यायचं असतं. छोट्या हॅचबॅकमध्ये ती सहा-सात इंचच भरते, आणि आईची चप्पल नऊ इंचांची. म्हणजे पाऊल सरळ जात नाही, टाच वळवावी लागते, आणि गुडघेदुखीत पायाला पीळ देणं हेच सगळ्यात त्रासाचं. आई गाडीला नावं ठेवत नाही, फक्त "मी येत नाही, तुम्ही जा" म्हणते. असं ऐकायला आलं की ती फट मोजा.

बाबांचं गणित वेगळं. ते उंच आणि कंबर आखडलेली, त्यामुळे सीटची उंची जमली तरी छताच्या कडेला डोकं आपटतं. त्यांना पुढच्या डाव्या सीटवर बसवायचं, सीट पूर्ण मागे सरकवायची, पाठ थोडी मागे कलवायची. आधी बैठक टेकवायची, मग डोकं आत, मग दोन्ही पाय एकत्र उचलून आत. आधी एक पाय आत टाकायची सवय बहुतेकांना असते, ती मोडावी लागते. उंचीची सोय बऱ्याच गाड्यांत फक्त ड्रायव्हरच्या सीटला असते, हेही विचारून घ्या.

या सगळ्या मापांत उभट छपराची गाडी, वॅगनआरसारखी, पुष्कळदा एसयूव्हीपेक्षा बरी ठरते. आम्ही तीच घेतली. भाऊजींना ती पटली नाही, निपाणीच्या लग्नात गाडीला रुबाब नसतो म्हणे. ठीक आहे, आईला लग्नाला जाता आलं.

घेतल्यावर दोन गोष्टी पाळा. रेक्झिनचं कव्हर घालू नका. वळून बसायला त्यावर सोपं जातं, पण ब्रेक लागला की माणूस पुढे घसरतो. कापडी सीटवर वळता येत नसेल तर बसताना एक प्लॅस्टिकची पिशवी अंथरा आणि गाडी सुरू करण्याआधी ती काढून घ्या. सीट उंच करायला मऊ उशी मात्र घालू नका, तिच्यामुळे बेल्ट मांडीवरून पोटावर सरकतो.

दुसरी गोष्ट गाडी लावण्याची. चार-पाच इंच उंच फुटपाथला चिकटून लावली तर सीट तेवढीच खाली जाते, कारण आई उभी असते फुटपाथवर. आपल्या गाडीची सीट बेताची असेल तर दीड-दोन हात बाहेर, रस्त्यावर उतरवा. शेजाऱ्यांची एसयूव्ही असेल आणि आईला त्यात चढवायची असेल, तर मात्र मुद्दाम फुटपाथला खेटून लावायला सांगा.