निळ्या गोळीचं काय होतं?

कम्युनिटी हेल्थच्या असाइनमेंटसाठी आज आठवी-नववीच्या मुलींशी बोलून आले, विषय अ‍ॅनिमिया. चार्टवर पालक, बीट, गूळ काढून मोकळं व्हायचं असा ग्रुपचा विचार होता, पण पालेभाज्या खा हे तर त्यांना पाठ आहे हो!! म्हणून विचारलं, दर आठवड्याला शाळेत आयर्नची निळी गोळी मिळते तिचं काय करता? आधी नुसतं खी खी, मग एक म्हणाली ताई मळमळतं, दुसरी म्हणे शी काळी होते म्हणून आई म्हणाली घेऊच नको. आणि गोळी कधी देतात तर सकाळी, बऱ्याच जणी फक्त चहा पिऊन आलेल्या, मग मळमळणारच ना.

तर आता प्लॅन त्या गोळीभोवतीच फिरवलाय. गोळी जेवणानंतर घ्यायची, शी काळी होणं म्हणजे न शोषलेलं लोह बाहेर पडतंय, घाबरायचं नाही, आणि पुढे-मागे तासभर चहा नको कारण चहाने लोह नीट शोषलं जात नाही. त्यापेक्षा वरणावर लिंबू पिळा. सरांना विचारणार आहे की गोळी दुपारच्या खिचडीनंतर देता येईल का, तेवढं झालं तरी माझ्या चार्टपेक्षा जास्त फरक पडेल 😅

ज्यांचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली आहे त्यांना मात्र आठवड्याची एक गोळी पुरत नाही, त्यांना आरोग्य केंद्रात पाठवायचं. आणि एक सेशन आयांसाठी पण ठेवतेय, गोळी बंद करणाऱ्या त्याच आहेत.