क्रेडिट नसलेल्या पदवीचे क्रेडिट मागताना

मी 2002 साली केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले. कॉलेज तालुक्याच्या गावी होतं आणि विद्यापीठ महाराष्ट्रातलंच. वीस वर्षांनी जर्मनीत राहत असताना तिथल्या एका विद्यापीठात पदव्युत्तर प्रवेशासाठी अर्ज करायचं ठरवलं. गुणपत्रकं, पदवी, भाषेचा दाखला सगळं हाताशी होतं. फक्त एक अट नवी होती: बी.एस्सी.च्या प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम आणि त्याचे क्रेडिट, म्हणजे त्या विषयाला किती अभ्यास लागतो याचं माप, विद्यापीठाच्या शिक्क्यासह. केमिस्ट्रीचे निदान 30 युरोपीय क्रेडिट हवे होते, त्यातले 10 प्रयोगशाळेचे. अर्जाची मुदत होती 15 जुलै.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी कुलसचिवांना चार ओळींची ईमेल पाठवली. मी अमुक साली बी.एस्सी. झाले, कृपया अभ्यासक्रमाची प्रत आणि क्रेडिटचा तपशील पाठवावा, एवढंच. बारा दिवसांनी एका वाक्याचं उत्तर आलं: सदर अभ्यासक्रमास श्रेयांक पद्धत लागू नव्हती. श्रेयांक म्हणजे क्रेडिटच. खाली सही. अभ्यासक्रमाचा उल्लेखच नाही.

तेव्हा वाईट वाटलं, पण उत्तर खरं होतं. आमच्या वेळी वार्षिक पद्धत होती. वर्षभर शिकायचं, मार्च-एप्रिलमध्ये एक परीक्षा द्यायची, आणि मोजमाप फक्त गुणांचं. श्रेयांक आमच्या विद्यापीठात नंतरच्या बॅचना आले. जे कधी ठरवलंच गेलं नव्हतं त्याचा दाखला कुलसचिव कसा देणार? चूक माझ्या प्रश्नात होती.

मग मी जर्मन विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयाला विचारलं की क्रेडिट नसतीलच तर काय चालेल. त्यांनी सांगितलं की पूर्ण एका वर्षाचा अभ्यास म्हणजे 60 क्रेडिट असं ते धरतात आणि गुणांच्या प्रमाणात पेपरांवर वाटतात. त्यासाठी त्यांना तीन गोष्टी हव्या होत्या: कोणत्या पेपरला किती गुण, थिअरी आणि प्रॅक्टिकल किती तास, आणि श्रेयांक पद्धत नव्हती हे विद्यापीठाने लिहून दिलेलं. म्हणजे नकार म्हणून आलेलं ते एक वाक्यच मला लेटरहेडवर हवं होतं!

दुसरी ईमेल लिहायच्या आधी कॉलेजच्या ऑफिसात फोन लावला. तिथले भाऊसाहेब माझ्या वेळेपासूनचे. ते म्हणाले, "ताई, कुलसचिवांच्या नावानेच पाठवा, पण प्रत शैक्षणिक विभागाच्या उपकुलसचिवांना लावा. सिलॅबस अभ्यास मंडळाचा, तो त्या विभागात असतो. परीक्षा विभागाकडे फक्त मार्क. आणि कुठल्या वर्षाचा ते नीट लिहा, नाहीतर नवाच देतील." शेवटचं वाक्य मी वहीत लिहून ठेवलं, हे बरं झालं.

दुसऱ्या ईमेलचा विषय असा होता: "बी.एस्सी. (केमिस्ट्री), वार्षिक पद्धत, 1999 ते 2002: अभ्यासक्रमाची साक्षांकित प्रत व तासिकांचे प्रमाणपत्र मिळण्याबाबत." आत पहिल्या परिच्छेदात कॉलेजचं नाव, कायम नोंदणी क्रमांक, टी.वाय.चा बैठक क्रमांक आणि परीक्षेचा महिना. मग मागणी:

"मी प्रथम वर्ष 1999-2000, द्वितीय वर्ष 2000-01 व तृतीय वर्ष 2001-02 मध्ये पूर्ण केले. कृपया त्या त्या वर्षी लागू असलेल्या अभ्यासक्रमाची, प्रत्येक पानावर शिक्का असलेली प्रत मिळावी. तसेच प्रत्येक पेपरच्या वार्षिक तासिका, एका तासिकेची मिनिटे, प्रॅक्टिकलचे तास व गुण नमूद करणारे आणि सदर अभ्यासक्रमास श्रेयांक पद्धत लागू नव्हती असे स्पष्ट करणारे इंग्रजी प्रमाणपत्र मिळावे."

त्याखाली पेपरांची नावं, गुणपत्रकावर जशी छापली होती तशीच. शेवटी, शुल्क किती आणि कसं भरायचं हा प्रश्न. सोबत गुणपत्रकं, पदवी आणि ओळखपत्र एकाच पीडीएफमध्ये, तीन एमबीच्या आत. पदवीवर माहेरचं नाव आणि ईमेलवर सासरचं, म्हणून विवाह नोंदणीचा दाखलाही जोडला. तो नसता तर ही मागणी करणारी बाई नक्की कोण, इथेच गाडी अडली असती.

आठ दिवसांत शुल्काचं चलन आलं. दोन प्रतींचे पैसे भरले. माझ्या वतीने कागद घ्यायला दादा जाईल असं अधिकारपत्र पाठवलं, त्याच्या ओळखपत्रासकट. मेच्या शेवटी दादाने पहिल्या संचाचे फोटो पाठवले आणि मी ते गुणपत्रकाशेजारी ठेवून तपासायला बसले.

एफ.वाय. आणि एस.वाय. बरोबर होते. टी.वाय.मध्ये माझा ॲनालिटिकल केमिस्ट्रीचा पेपरच नव्हता, त्या जागी दुसरंच नाव. मुखपृष्ठ पाहिलं: "जून 2002 पासून लागू." माझी टी.वाय. तर एप्रिल 2002 मध्ये संपली होती. अभ्यासक्रम बदलतो तो एका दमात तिन्ही वर्षांना बदलत नाही. आमच्याकडे एफ.वाय.ला जून 2000 मध्ये नवा आला, एस.वाय.ला 2001 मध्ये, टी.वाय.ला 2002 मध्ये. मी जुन्या अभ्यासक्रमाच्या शेवटच्या बॅचमधली. पदवीवर 2002 छापलंय, म्हणून शोधणाऱ्याने 2002 ची पुस्तिका काढली. एखादं वर्ष राहिलं असतं तर मात्र तीच पुस्तिका माझी ठरली असती.

त्याच ईमेलला उत्तर देत मी गुणपत्रकावरचं पेपरचं नाव आणि पुस्तिकेवरची तारीख, दोन्हींचे फोटो शेजारी लावून पाठवले. या वेळी चारच दिवस लागले. रेकॉर्ड रूममधून जुनी पुस्तिका निघाली, टंकलिखित, कडा पिवळ्या पडलेल्या. प्रत्येक घटकापुढे तासिका लिहिलेल्या होत्या. फिजिकल केमिस्ट्रीच्या घटकांची बेरीज केली तर 96. प्रमाणपत्रात तासिका 48 मिनिटांची लिहिली होती, म्हणून ते 96 तास होत नाहीत, 76.8 होतात. मिनिटं लिहून मागितली नसती तर हा आकडा फुगलेलाच राहिला असता.

मी स्वतः कुठेही क्रेडिट काढून लिहिले नाहीत. एक युरोपीय क्रेडिट म्हणजे 25 ते 30 तासांचं काम, आणि त्यात घरचा अभ्यासही धरतात. नुसत्या वर्गातल्या 77 तासांना 25 ने भागलं तर हातात तीनच क्रेडिट येतात. प्रवेश कार्यालयाच्या पद्धतीने टी.वाय.चे 600 गुण म्हणजे 60 क्रेडिट. त्यातले 200 गुण प्रॅक्टिकलचे, म्हणजे प्रयोगशाळेचे 20. तेच कागद, पण मोजणी वेगळी. ती मोजणी त्यांचीच त्यांना करू दिली.

20 जूनला पाकीट माझ्या हाती आलं. झाकणाच्या जोडावर विद्यापीठाचा गोल शिक्का होता. एक संच अर्जासोबत गेला, जुलैच्या अखेरीस केमिस्ट्रीची अट पूर्ण झाल्याचं पत्र आलं. दुसरा संच कपाटात तसाच बंद आहे. तो मी फोडणार नाही, कारण पुढे कुणी सीलबंद पाकीट मागितलं तर फोडलेलं चालत नाही.