रविवारची रात्र, मेस बंद आणि दोन पाकिटं

कर्वेनगरला कॉट बेसिसवर राहायला आलो तेव्हा रविवारी संध्याकाळी मेस बंद असते हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे दर रविवारी रात्री नूडल्स ठरलेल्या. पहिल्या खेपेला मी पसरट कढईत दोन पाकिटं टाकली, पाणी अंदाजाने. शेवया शिजायच्या आतच पाणी आटलं आणि मसाला बुडाला करपला. पुढच्या रविवारी धास्तीने एवढं पाणी घातलं की सोलापूरचा रूममेट म्हणाला, "अरे, हे भातावर घेऊ का?"

मग अंदाज सोडला. पाकिटावर ७० ग्रॅमला २१० मिली लिहिलेलं असतं. आमचं फुलपात्र खुणा असलेल्या बाटलीने मोजलं, ते १५० मिलीचं निघालं. म्हणजे एका पाकिटाला एक फुलपात्र आणि वर अर्ध्याला थोडं कमी. दोन पाकिटांना उंच पातेल्यात मी ४०० मिली घेतो. कढईच घ्यायची असेल तर अर्धी वाटी जास्त, कारण रुंद तोंडातून वाफ भराभर जाते.

पाणी खळखळून उकळलं की आधी मसाला घालतो, मग वड्या. शेवया पाणी पिताना मीठ-मसाला सोबत ओढून घेतात. शेवटी सगळा मसाला टाकला तर पाणी उरलेलं नसतं, त्याच्या गोळ्या होतात आणि शेवई आतून अळणीच राहते. फक्त चिमूटभर मागे ठेवतो आणि गॅस बंद करताना भुरभुरतो, कारण उकळताना वास उडून जातो. झाकण मात्र ठेवत नाही. एकदा ठेवलं होतं, फेस उतू जाऊन बर्नर विझला. त्या रविवारी ओटा मी घासला.

खरा तंटा मऊ-कडकचा. मला दाताखाली लागणारी शेवई हवी, त्याला आजोबांना चालेल अशी. त्यावर आता एकाच पातेल्यात तोड निघाली आहे. वडी मोडत नाही. एका मिनिटाने ती उलटतो, मग चमच्याने सुटी करतो. दोन मिनिटं झाली की एक शेवई चमच्याच्या कडेने तोडून बघतो. मध्ये बारीक पांढरा ठिपका दिसला की माझा वाटा लगेच ताटलीत. तेव्हा ती जरा कच्चीच वाटते, पण ताटलीतल्या गरम रसात ती आणखी शिजते, म्हणून ठिपका जायची वाट बघायची नाही. उरलेल्यात तीन चमचे गरम पाणी घालून मंद आचेवर आणखी दोन मिनिटं. ठिपका गेला, शेवई फुगली, चमच्यावरून लोंबायला लागली की त्याचं झालं.

तोवर माझं अर्धं खाऊन झालेलं असतं, आणि तो माझ्याच ताटलीत काटा घालतो.